दोन विती उंचीचं जनावर

वनपरिक्षेत्र कार्यालयातल्या एका कोपऱ्यात बसून मी रात्रीच्या फोटोंना नावं द्यायचे. नाकाडोंगरीजवळच्या नाल्यात झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधलेला होता. समोरून ऊब असलेलं काही हललं की तो एकापाठोपाठ तीन फोटो काढायचा. रात्रीचे फोटो काळे-पांढरे. रंग नाही, आणि जनावर जवळ आलं की अंगावरचे ठिपके-पट्टे प्रकाशात धुऊन जायचे. उरायचे दोन चमकते डोळे आणि एक पांढरा ढग. माझ्या तक्त्यात ‘ओळख अनिश्चित’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त होते. मला ते आवडायचे. बोलतानाही मी साधारण तेच म्हणते.

एका रात्री लागोपाठच्या दोन फोटोंत असाच एक मांजराएवढा ढग आला. आमचे म्हातारे वनरक्षक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वाघाटी.”

वाघाटी म्हणजे घरच्या मांजरीहूनही लहान रानमांजर. तरुणपणी त्यांनी ती याच नाल्यात पाहिली होती. कोणी विश्वास ठेवला नव्हता. “मांजरीचं पिल्लू पायलं आन् वाघ सांगते,” असं लोक अजूनही चिडवायचे. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते.

“लिहा न बाई, वाघाटी.”

“दुसरंही काही असू शकतं, काका,” मी म्हटलं.

“दुसरं म्हंजे का?”

आधी उंची मोजू, एवढंच मी सुचवलं. जनावर जिथे उभं होतं तिथेच खुणा केलेली काठी धरायची, त्याच कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा आणि दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवायचे. नुसती काठी रोवून चालत नाही, तिला ऊब नसते. माणूस लागतो. काकांनी काठीवर वितीवितीने चुन्याच्या खुणा केल्या आणि दुपारी नाल्यात जाऊन गणवेशासकट हातापायांवर रांगू लागले.

“काका, उभं राहिलात तरी चालेल.”

“उभी चालत होती का ते?” काठी दातांत धरलेली असल्यामुळे हे कळायला मला वेळ लागला. ते तीनदा रांगत गेले. चौथ्यांदा मान खाली घालून गेले, कारण ‘ते मान खाली घालूनच जाते’.

सोबत आलेला चौकीदार म्हणाला, “काका, शेपूट राह्यली!”

दुसऱ्या दिवशी आमच्या संगणकाने, जो माणसं, ओळखीची जनावरं आणि रिकामे फोटो आपोआप वेगवेगळ्या फोल्डरांत टाकतो, काकांना ‘अस्वल’मध्ये टाकलं. पण काठी नीट दिसत होती. ढगाची उंची दोन विती भरली नाही. घरच्या मांजरीएवढी, किंवा थोडी कमीच. काकांनी खुशीत टेबलावर हात आपटला. आमच्या परिक्षेत्र अधिकारी साहेबांनी त्याच संध्याकाळी निरोपसमारंभाचा बॅनर छापायला दिला. मध्ये काका, बाजूला तो ढग, खाली मोठ्या अक्षरांत ‘वाघाटी’.

“साहेब, अजून नक्की...” मी म्हणाले.

“अहो मॅडम, तीस वर्षांची सेवा आहे त्यांची!” जणू उरलेला पुरावा सेवेने भरून निघत होता.

मला झोप लागेना. कॅमेऱ्याने तीन फोटो काढले असतील, तर माझ्याकडे दोनच का? शुक्रवारी सकाळी मी ‘रिकामे’ फोल्डर उघडून एकेक गवताची काडी पाहत बसले. तिसरा फोटो सापडला. डाव्या कडेला फक्त शेपूट. कॅमेऱ्यापासून लांब गेल्यामुळे ती धुतली गेली नव्हती. तिच्यावर काळी-पांढरी कडी स्पष्ट मोजता येत होती. वाघाटीच्या शेपटीला अशी कडी नसतात.

आता हे मी कोणाला सांगायचं? फोल्डर बंद करणं सोपं होतं. संगणकाने तर तो फोटो रिकामाच ठरवला होता.

मी काकांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

“जवादी हाये,” ते लगेच म्हणाले. जवादी म्हणजे कस्तुरी मांजर, जमीन हुंगत फिरणारं. “तरीच मान खाली होती. मीच तर करून दाखवलं तुमाले.”

“सॉरी, काका.”

“तुमी कायले सॉरी? जवादी तुमी सोडली का नाल्यात?”

साहेब मात्र खचले. बॅनर आला होता. शेवटी ‘वाघाटी’वर कागद चिकटवून मार्करने ‘जवादी’ लिहिलं गेलं. शनिवारी पंख्याच्या वाऱ्याने कागदाचं एक टोक सुटलं आणि भाषणभर काकांच्या बाजूचं जनावर कधी जवादी, कधी वाघाटी होत राहिलं. साहेब म्हणाले, अशा दुर्मिळ प्राण्यासाठी काकांनी आयुष्य वेचलं. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

जाताना काका माझ्या टेबलाशी आले. “मी पायली ते वाघाटीच होती. तुमच्या कागदात त्याले जागा हाये का?”

फोटो नसलेल्या नोंदींचा एक रकाना होता. तोवर कोणीच भरला नव्हता. मी लिहिलं: वाघाटी, वनरक्षकांनी प्रत्यक्ष पाहिली, फोटो नाही. पुढे ‘ओळख’ असा रकाना होता. माझी बोटं सवयीने ‘अनि’पर्यंत गेली. काका वाचत उभे होते.

“लिहा,” ते म्हणाले. “तुमी तं नाई पायली न.”

मी ‘अनिश्चित’ पूर्ण केलं. मग त्यांनी ‘अस्वल’मधला आपला, काठी दातांत धरलेला फोटो मोबाईलवर मागून घेतला आणि घरी गेले.