आरशासमोरचं अक्षर

कर्जतच्या बाजारात मी तीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, टेंपोच्या, शाळांच्या. फ्लेक्स आला तेव्हा बहुतेक पेंटरांनी ब्रश गुंडाळून ठेवले. मी मात्र लहानसहान कामं धरून राहिलो. त्यात मागच्या वर्षी रसायनीच्या एका ओळखीच्या माणसाकडून लाकडावर अक्षरं कोरणारं एक छोटं लेझर मशीन घेतलं. तो सगळं आवरून गावी चालला होता. मशीनसोबत त्याचा एक जुना मोबाईलही मिळाला, कारण मशीन चालवायचं अॅप त्याच मोबाईलमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठे सापडत नव्हतं.

अॅप चिनी होतं. नुसतं चिनी. त्याच्यात रोमन लिपीतलं एक अक्षरही नव्हतं.

"अहो, पण तुम्हाला येतं का हे?" बायकोने विचारलं.

"त्याने दाखवलंय सगळं," मी म्हणालो.

त्याने दाखवलं होतं ते असं : चित्र इथून घ्यायचं, केशरी बटण दाबलं की मशीन चालू, आणि चुकलं तर हे अक्षर दाबून मागे यायचं. ते मागे यायचं अक्षर मी नीट डोळ्यांत भरून घेतलं होतं. वर एक आडवी रेघ, तिच्यातून डावीकडे उतरलेला फाटा, खाली एकमेकांना छेद देणाऱ्या दोन रेघा. पेंटर माणूस अक्षर एकदा बघतो आणि विसरत नाही, असा माझा समज होता.

पहिलं मोठं काम आलं ते कळंबकडच्या एका ठाकरवाडीतल्या बायकांचं. त्यांचा बचतगट रानातला मध बाटल्यांत भरतो. जवळच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांना शनिवार-रविवार टेबल लावायला जागा दिली होती. बाटल्यांना लाकडी झाकणं होती, आणि त्या झाकणांवर "रानमध" असं कोरून हवं होतं. चाळीस झाकणं. गटातली सगळ्यांत मोठी बाई झाकणांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, "दादा, शुक्रवारी यू ना आमी? लोकांना लांबून दिसलं पायजे, एवढंच हाय."

त्या दिवशी सोमवार होता.

मी कागदावर "रानमध" काळ्या शाईने लिहिलं, जुन्या मोबाईलने त्याचा फोटो काढला, अॅपमध्ये घेतला. सोबत मिळालेला हिरवा चष्मा लावला, खिडकी उघडली आणि केशरी बटण दाबलं. निळा ठिपका इकडून तिकडे फिरायला लागला. जळक्या लाकडाचा वास सुटला. दहा मिनिटांनी झाकण हातात घेतलं तर अक्षरं सुंदर उमटली होती, पण फार खोल. "ध" तर जवळपास आरपार गेला होता.

सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनवरची एक दांडी थोडी मागे सरकवली, माझं ते मागे यायचं अक्षर दाबलं आणि दुसरं झाकण लावलं. ह्या वेळी सगळं झाकण काळं झालं आणि अक्षरं तेवढी कोरी राहिली. तिसऱ्याला पुन्हा सेटिंगमध्ये शिरलो, पुन्हा दांडी हलवली, पुन्हा मागे आलो. अक्षरं काळी, झाकण कोरं, पण अजून खोलच. चौथ्याला परत उलटं. एक सरळ, एक उलटं, असं त्या मशीनने लावलं होतं. मला काही कळेना. झाकणं तर मोजकी होती, म्हणून मी हात आवरला.

बायकोचा मोबाईल बरा होता. त्यात भाषांतराचं अॅप होतं, कॅमेरा धरला की लिहिलेलं मराठीत दिसतं तसलं. पण जुन्या मोबाईलच्या काचेला दोन तडे गेले होते आणि कॅमेरा त्या तड्यांनाही अक्षरातल्या रेघा समजत होता. हात जरा हलला की अर्थ बदलायचा. एकदा "खोल नदी" आलं, मग "डॉक्टरांचा दर", आणि मग काहीच नाही.

तेवढ्यात समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या मुलीला मी शटरशी बघितलं. कोकणी मुसलमानांचं घर, तिचा बाप आणि मी एका वयाचे. ती नर्सिंग झालेली, जपानमध्ये वृद्धांची देखभाल करायच्या नोकरीसाठी जपानी शिकत होती. दुकानावर बसली की वहीत एकेक अक्षर वीस वीस वेळा काढायची.

"चाचा, काय जळतंय?" तिने विचारलं.

मी चार झाकणं तिच्यापुढे मांडली आणि मोबाईल दिला. ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली.

"हे चिनी आहे. माझं जपानी. पण पुष्कळ अक्षरं सारखी असतात," ती म्हणाली. "हे बघा, हे 深, म्हणजे खोल. डावीकडे तीन थेंब दिसतायत ना? पाण्याचे. ह्याच्या पुढचं 度. दोन्ही मिळून खोली, म्हणजे किती खोल कोरायचं ते. आणि बाकीची मला येत नाहीत ती शोधायची."

"कशी शोधायची? वाचताच येत नाहीत."

"वाचायची नाहीत. काढायची." तिने बायकोच्या मोबाईलवर चिनी भाषा निवडली, पेनाच्या चित्रावर बोट ठेवलं. खाली एक रिकामा चौकोन उघडला. "ह्यात बोटाने काढा. वर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची रांग येईल. त्यातलं आपलं ओळखायचं आणि दाबायचं. मग अर्थ येतो."

हे तर माझंच काम. मी बाही वर केली आणि पाटीवर काढतो तसं अक्षर काढलं. आधी एका बाजूची कड, मग दुसऱ्या बाजूची, मधे रंग भरायला जागा सोडून. रांगेत चौकोनच चौकोन आले. लहान चौकोन, चौकोनात चौकोन, तीन चौकोन एकावर एक.

"चाचा, कडा नका काढू," ती म्हणाली. "त्याला जाडी कळत नाही. एक रेघ म्हणजे बोटाचा एकच ओढा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बोट उचललं की रेघ संपली."

तीस वर्षं मी अक्षराला जाडी देत आलो होतो. ती काढून टाकायला तासभर गेला. पण एकदा जमल्यावर मला त्यात अशी मजा यायला लागली की चहा गार झाला. एक अक्षर तिला अजिबात ओळखता येईना. मी बोटाने काढलं, रांगेत तिसरं निघालं, अर्थ आला "आरसा". ती दचकलीच. "अरे, जपानीत ह्याची डावी बाजू पूर्ण लिहितात. चिन्यांनी कापून टाकली," असं म्हणत तिने ते वहीत उतरवून घेतलं. त्याच्या पुढच्या अक्षराचा अर्थ "प्रतिमा". म्हणजे आरशातल्यासारखं उलटं कोरायचं बटण. त्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

एकेकट्या अक्षराचा अर्थ पुष्कळदा फसवायचा. "पराक्रम" आणि "दर" अशी दोन शेजारी आली तेव्हा काही अर्थ लागेना. दोन्ही एकत्र काढली तेव्हा कळलं, ती पॉवर.

मग तिने विचारलं, "तुम्ही मागे यायला काय दाबता?"

मी अभिमानाने दाखवलं. 反.

तिने मोबाईल जवळ ओढला. "हे एकदा काढून बघा बरं. पुढच्या अक्षरासकट."

मी काढलं. 反色. अर्थ आला : रंग उलटे करणे.

"मग मागे जायचं?"

तिने वरच्या कोपऱ्यातल्या एका लहान अक्षरावर बोट ठेवलं. 返. अगदी तेच अक्षर, फक्त डावीकडून खाली वळून उजवीकडे गेलेली एक लांब रेघ जास्त, होडीसारखी. ती रेघ म्हणजे चालणं, असं ती म्हणाली. चालत उलटं फिरायचं, म्हणजे परत यायचं.

मी दोन्ही अक्षरांकडे पाहत राहिलो. मी दर वेळी मागे येतोय असं समजून रंग उलटे करत होतो. सेटिंगमधून बाहेर यायचो ते मोबाईलच्या बटणाने, आणि ते माझ्या लक्षातही येत नव्हतं. म्हणून एक झाकण सरळ, एक उलटं. लोकांच्या पाट्यांवरची एका मात्रेची चूक मी रस्त्याच्या पलीकडून पकडायचो, आणि इथे चालण्याची अख्खी रेघ सुटली होती. मला हसू आलं ते थांबेना. तिलाही आलं. बायको आतून बघायला आली आणि काय झालं ते कळायच्या आधीच हसायला लागली.

अजून एक गंमत व्हायची होती. सेटिंगच्या तळाशी दोन अक्षरं होती. त्यातलं दुसरं तिला येत होतं, पहिलं ओळखीचं वाटत होतं. "चाचा, ही भाषा असणार," ती खुर्चीतून पुढे सरकली. मी खात्रीसाठी काढलं. भाषाच. आता सगळं सोपं होणार म्हणून आम्ही तिघं मोबाईलवर वाकलो. तिने दाबलं. दोन पर्याय उघडले. एक सोपी चिनी, दुसरी जुन्या वळणाची अवघड चिनी.

"सोपीच राहू दे," बायको म्हणाली.

बुधवारी मी एक पुठ्ठा घेतला, पांढरा रंग दिला आणि ब्रशने मेनूमधलं एकेक अक्षर मोठं काढलं, खाली मराठीत अर्थ. खोली. पॉवर. आधी पाहा. मागे. रंग उलटे. ह्या वेळी जाडी द्यायची मुभा होती. ती मुलगी दुपारी आली, पुठ्ठ्यासमोर उभी राहिली आणि 深 च्या तीन थेंबांकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आमच्या सरांना ह्याचा फोटो पाठवू? ते म्हणतात माझे थेंब कोरडे असतात." तिने फोटो पाठवला. संध्याकाळी येऊन सांगितलं की सरांनी विचारलंय, हा माणूस कुठल्या क्लासला जातो.

झाकणं गुरुवारी दुपारपर्यंत झाली. बिघडलेल्या चारच्या जागी मी सुताराकडून तशीच नवी करून घेतली होती. शुक्रवारी वाडीतल्या बायका आल्या. मोठ्या बाईने एक झाकण उचललं, पदराने पुसलं आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यातला म कुठला हाय?"

मी दाखवला. तिने बोट म वर ठेवलं, खाचेतून वरून खाली नेलं, आणखी एकदा नेलं. "आता बाटली हातात धरली की कळल," ती शेजारणीला म्हणाली. "अंधारात पन." मग तिने बाजूला पडलेली चार बिघडलेली झाकणंही मागून घेतली. त्यातली काळी झाकणं आणि कोरी अक्षरं तिला जास्त आवडली. "ही आमच्या घरच्या बाटल्यांना लावू. लय भारी दिसत्यात."

त्यांच्या टेबलावरचा मध रविवारी दुपारीच संपला असं तिने फोनवर कळवलं, आणि पुढच्या झाकणांवर फुलावर बसलेली माशी काढाल का असंही विचारलं.

पुढच्या सोमवारी मी रंग आणायला गेलो होतो. परत आलो तर दुकानाची खिडकी उघडी, लाकडाचा वास, आणि बायको हिरवा चष्मा लावून मशीनपुढे उभी. मशीनखाली तिचा पोळपाट होता. ती पुठ्ठ्याकडे बघायची, मोबाईलकडे बघायची, परत पुठ्ठ्याकडे.

"थांब, मी बघतो," मी म्हणालो.

"नको. आधी पाहा, ते झालं, कुठे उमटणार ते बघून घेतलं. खोली कमी केली. पॉवर तुमच्यापेक्षा कमी ठेवलीय." तिने केशरी बटण दाबलं.

पोळपाटाच्या कडेला, तिच्याच वळणदार अक्षरांत, तिचं माहेरचं नाव हळूहळू उमटत गेलं. मी पिशवी खाली ठेवली आणि ते पूर्ण होईपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिलो.