तांदळाचे तीनशे

मंगरूळपीरच्या स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आधी मी टायपिंग शिकवायचे. ते बंद पडलं, मग कॉम्प्युटर शिकवला. तेही ओसरलं आणि शेवटी लोकांचे अडकलेले प्रिंटर सोडवणं हाच धंदा झाला. त्या उन्हाळ्यात मी इतकी कंटाळले होते, की फोन वाजला तरी उचलावासा वाटत नसे.

फोन किराणा दुकानवाल्या काकूंचा होता. "बाई, तुमी आत्ताच्या आत्ता या. इथं माणूस मले चोर म्हणून राह्यला."

काकांना लकवा मारल्यापासून दुकान काकूच बघत. काका उजवी बाजू गेलेली घेऊन गल्ल्याशेजारी खुर्चीत बसलेले असत. त्यांना बोलता येत नव्हतं. पूर्वी बिलं तेच लिहीत. काकूंना बेरजेची धास्ती, म्हणून मुलीनं तीन बोटं रुंद कागदाचा छोटा प्रिंटर आणि एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावरचा प्रोग्रॅम अकोल्याच्या एका पोरानं बसवला होता आणि तो आता फोन घेत नव्हता.

दुकानात इंझोरी गावचे एक जुने गिऱ्हाईक उभे होते. त्यांनी पावती माझ्यापुढे धरली.

"हे पाहा. तांदूळ पंचेचाळीसचा लिहेल हाये. अन् वहिनीनं घेतले तीनशे पंचेचाळीस!"

"भाऊ, पाच किलो जुना कोलम पंचेचाळीसले कुठं भेटते?" काकू म्हणाल्या.

"मंग कागदावर काहून नाही तसं? काका होते तवा असं कधी झालं नाही."

त्या वाक्यासरशी काकूंनी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीतून बघत होते. दारात आणखी दोघं थांबले होते.

पावतीत खरंच तसं होतं. तांदळाच्या ओळीच्या अगदी टोकाला एकटा तीन होता आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला पंचेचाळीस. बाकी सगळ्या किमती उजव्या कडेला नीट एकाखाली एक.

मी काउंटरवरचा चौकटींचा कागद मागितला आणि बत्तीस घरं आखली. या प्रिंटरच्या एका ओळीत बत्तीसच अक्षरं मावतात. मोकळी जागा धरूनसुद्धा. सोळा नावाला, सहा नगाला, दहा किमतीला. नाव लहान असेल तर उरलेली घरं मोकळी सोडायची. किंमत लहान असेल तर मोकळी घरं तिच्या आधी ठेवायची, म्हणजे एककाखाली एकक येतं. नावं इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी या प्रिंटरला येत नव्हती. जुन्या कोलमचं नाव एकवीस अक्षरांचं भरलं. त्या पोरानं लांब नावाची सोयच केली नव्हती. नाव पाच घरं पुढे सरकलं, त्यानं किंमतही पाच घरं ढकलली. ओळ संपली तिथं तीन राहिला, उरलेली पाच अक्षरं, म्हणजे पंचेचाळीस, टिंब आणि पैशांची दोन शून्यं, खाली पडली.

गिऱ्हाईक वाकून घरं मोजत होते. "म्हंजे तीन याच तांदळाचा?"

"तीनशेतला."

"मंग नाव कापून टाका ना."

कापायचं तर सोपं होतं. पण सोळावर कापलं की रिफाइंड तेलाचा एक लिटरचा आणि पाच लिटरचा डबा दोन्ही एकाच नावानं छापले गेले असते. उद्या त्यावरून दुसरं भांडण. मी स्टूल ओढून कॉम्प्युटरपुढे बसले आणि प्रोग्रॅम बदलायला घेतला. नाव सोळापेक्षा लांब असेल तर सोळाच्या आतल्या शेवटच्या मोकळ्या जागेशी तोडायचं. नग आणि किंमत पहिल्याच ओळीत, आपल्या घरात. उरलेलं नाव खालच्या ओळीत, त्याच्यासमोर काहीच नाही. पोरानं प्रोग्रॅम असा गुंतवून ठेवला होता, की ही एवढीशी गोष्ट करता करता पंख्याखाली माझा पदर घामानं भिजला.

"कागद जास्त लागन का?" काकूंनी हळूच विचारलं.

"लांब नावाला एक ओळ. तेवढंच."

तेच बिल पुन्हा काढलं. पहिल्या ओळीत तांदूळ कोलम, एक, आणि कडेला तीनशे पंचेचाळीस. खाली जुना पाच किलो.

काकूंनी कागद गिऱ्हाइकापुढे केला. त्यांच्याआधी काकांचा डावा हात पुढे आला. त्यांनी पावती मांडीवर ठेवली, अंगठा किमतींच्या कडेनं वरून खाली हळूहळू नेला. बेरजेपाशी थांबले. तोंडातून घशातला एक आवाज आला आणि त्यांनी मान हलवली. बरोबर.

गिऱ्हाइकांनी टोपी सारखी केली. "काकानं पाह्यलं ना, झालं मंग." माफी काही मागितली नाही. दारातले दोघं नवी पावती निघायच्या आधीच निघून गेले होते, आणि त्यांनी गावात काय सांगितलं ते काकूंना पुढे वर्षभर ऐकावं लागलं.

त्या दिवसानंतर निघालेली प्रत्येक पावती आधी काकांच्या मांडीवर जाई. रांग लागे, लोक कुरकुरत. काकू म्हणत, "थांबा जरासक. मालक पाहून राह्यले."

त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि उन्हात चालत माझ्या दुकानाकडे निघाले. वाटेत फोन पुन्हा वाजत होता.