अर्जातलं नाव

माझी गाय जंगलाच्या काठावर मारली गेली. पंचनामा होईपर्यंत तिला हलवायचं नव्हतं, म्हणून ती तिथंच पडून होती. भरपाईच्या अर्जात मी लिहिलं, ‘जनावराने गाय मारली.’ आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो येतो.

पंचनाम्याला आलेला वनरक्षक म्हणाला, “बाई, गाय बी जनावरच हाय. नाव लिवा, नाईतं भरपाई अडकते.”

“तूच लिव ना भाऊ.”

“अर्ज तुमचा हाय. मी काऊन बोलावू त्याले?” तो हसला, पण पेन त्यानं हातात घेतला नाही.

मी ‘वाघ’ लिहिलं. भरपाई मिळाली, दुसरी गाय आणली. संध्याकाळ झाली की ती चारा सोडून जंगलाकडे बघत उभी राहते. मी तिला आत ओढते, पण तिकडे बघत नाही.