वक्रावर नसलेला बिंदू

कॉलेजात गणित शिकवणाऱ्या त्या मास्तरांना सगळे पायरीसर म्हणत. तोंडावर नुसतं सर, पाठ वळली की पायरीसर. गणितातली एक पायरी गाळली तर एक गुण गेला, हा त्यांचा दंडक होता आणि त्यात त्यांनी सख्ख्या भाचीलाही सूट दिली नव्हती. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवून आता ते निवृत्तीला टेकले होते. स्वभाव तसा कडू, पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे कुठे अडत नसत, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. त्यांना स्वतःला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. एकतीस वर्षांत त्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत एकही चूक निघाली नव्हती.

त्यांचा आवडता धडा अव्यक्त फलाच्या विकलनाचा. लंबवर्तुळाचं समीकरण घ्यायचं, त्यातला y बाजूला काढायची खटपट करायचीच नाही. मुलांना ते म्हणत, "अरे, गुंता सोडवत बसू नका. आहे तसाच धरा आणि दोन्ही बाजूंचं x च्या संदर्भात विकलन करा. y आला की त्याच्या शेपटीला dy/dx बांधा, विसरू नका." मग वर्षानुवर्षं तेच उदाहरण फळ्यावर येई: x² + 4y² = 25. विकलन केलं की 2x + 8y·dy/dx = 0, म्हणजे dy/dx = −x/4y. बिंदूचे x आणि y त्यात घातले की त्या जागी स्पर्शिकेचा चढ हातात. या उदाहरणातला बिंदू होता (3, 2) आणि चढ −3/8.

सुरुवातीच्या वर्षांत ते आणखी एक पायरी करून घेत. दिलेला बिंदू मूळ समीकरणात घालून तो वक्रावर आहे ना, हे आधी पाहायचं. पुढे अभ्यासक्रम वाढला, तासिका कमी झाल्या, आणि ज्या पायरीला परीक्षेत गुणच नाहीत ती कोण करणार? मुलांनी सोडली आणि सरांनीही सोडली. कधी सोडली, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्या वर्षी अकरावीच्या वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न चार गुणांना होता. पेपर सरांनी काढला होता, तपासला त्यांच्या हाताखालच्या तरुण मॅडमनी. नापास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहून सही करायचं काम सरांचं. निकाल लागला. वर्गातली एक मुलगी बत्तीस गुणांवर थांबली, पास व्हायला पस्तीस लागत होते.

आठ दिवसांनी तिचे वडील दाखला न्यायला आले. त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं, शर्टाच्या खिशात पेन्सिल तशीच राहिली होती. मुलगी स्वतःच म्हणते, मला गणित येत नाही, माझं वर्ष कशाला वाया घालवता. तर शिक्षण थांबवून तिला कामाला लावायचं ठरलंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तक्रार काहीच नव्हती. सरांना मात्र वाटलं की बापाला निदान कळावं, मुलगी कुठे कमी पडली. त्यांनी कपाटातून तिची उत्तरपत्रिका काढली आणि शिक्षकखोलीतल्या टेबलावर उघडली.

चौथ्या पानावर वडिलांनी बोट ठेवलं. "हे खोडलंय ते काय आहे, सर?"

सरांनी पाहिलं. विकलन बरोबर, dy/dx = −x/4y बरोबर, खाली उत्तर −1/6. आदर्श उत्तरातही तेच होतं. पण पोरीने त्यावर एक सरळ रेघ मारली होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचाच प्रकार, असं सर वडिलांना सांगू लागले, आणि तिने खाली काय लिहिलंय ते समजावून सांगावं म्हणून मोठ्याने वाचू लागले. "बिंदू (2, 3) समीकरणात ठेवला. दोनाचा वर्ग चार. तीनाचा वर्ग नऊ, चोक छत्तीस. एकूण चाळीस. पंचवीस नाही. म्हणून हा बिंदू..."

पुढे त्यांना वाचता येईना.

म्हणून हा बिंदू लंबवर्तुळावर नाही आणि इथे त्याची स्पर्शिका काढता येत नाही, असं तिने लिहिलं होतं. शेजारी एक छोटी आकृतीही होती. लंबवर्तुळ अडीचच्या वर चढतच नाही, आणि तिचा ठिपका वर तीनावर, अधांतरी. त्या सगळ्यावर मॅडमचं लाल शून्य होतं आणि शून्याखाली सरांची हिरवी सही.

पेपर काढताना त्यांच्या हातून आकडे उलटे पडले होते. (3, 2) च्या जागी (2, 3). आदर्श उत्तर त्यांनी त्याच कागदावरून लिहिलं, त्यामुळे तिथेही काही खटकलं नाही. सूत्र बिचारं भोळं असतं, वक्रावर नसलेला बिंदू दिला तरी काहीतरी आकडा देतं. तो चढ खरा होता, पण x² + 4y² = 40 या दुसऱ्याच लंबवर्तुळाचा. एकशे बारा मुलांनी तो लिहिला आणि चार-चार गुण घेतले. एकटीने गुण हातात आलेले असताना खोडून टाकले.

दाखला उद्या देतो, मुलीला घेऊन या, एवढंच सर कसंबसं म्हणाले. वडिलांना वाटलं, पोरीने पेपरात काही वेडंवाकडं लिहिलंय. ते मान खाली घालून गेले.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "तीन कृपागुण देऊन टाकू, पोर पास होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पंधरा दिवसांवर तुमचा निरोप समारंभ आहे, सर."

कबूल करायला हवं, सरांना मोह झाला. पोरीचं वर्ष वाचत होतं, आणखी काय हवं? पण कृपागुणांचा तारा गुणपत्रिकेवर छापला जातो. बरोबर उत्तर लिहिणाऱ्या एकटीच्याच नावापुढे दयेची खूण लागणार आणि चुकलेले एकशे बारा जण स्वच्छ राहणार, याची त्यांना मनापासून लाज वाटली. नको म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी बारावीच्या पहिल्याच तासाला त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. बापलेक मागच्या बाकाशेजारी उभे राहिले. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, जसा छापला होता तसाच, आणि खडू मुलीच्या हातात दिला. ती घाबरत पुढे आली. तिने चार लिहिले, छत्तीस लिहिले, बेरीज केली आणि थांबली.

"प्रश्न मी चुकवला," सर वर्गाला म्हणाले. "मॅडमनी माझ्या उत्तराप्रमाणे तपासलं, त्यांचा दोष नाही. प्रश्नच चुकीचा, म्हणून तुमचे गुण काढून घेणार नाही. हिला चार मिळतील, छत्तीस होतील, ही पास आहे." मग ते तिच्याकडे वळले. "उत्तर आलं होतं, मग खोडलंस का?"

"ते खरं नव्हतं, सर. पण शून्य मिळालं तेव्हा वाटलं, मलाच कळत नाही. घरी तसंच सांगितलं."

मागून वडील दोन बाकं पुढे आले. फळ्यावरचं त्यांना काही कळलं नव्हतं, त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हिला गणित येतं?"

"हिला येतं," सर म्हणाले. "त्या दिवशी मला आलं नाही."