कापसाचा आकडा

"कोन म्हने मनं फोकस आउट शे?"

आबा जिन्यातूनच ओरडत आले. आवाज असा, की पाचोऱ्याला सुटलेली गाडी परत मागे यावी. जळगावातल्या आमच्या स्टुडिओच्या काचा मी स्वतः थरथरताना पाहिल्या. कोणी खोटं म्हणालं तर काचा अजून तिथेच आहेत, विचारा.

आबा धुळ्याचे. तिथल्या एका शेतकी संघाचं शूटिंग वर्षानुवर्षं त्यांनीच केलेलं. संघाला आता जुन्या टेपांवरून फिल्म काढायची होती, म्हणून टेपा आमच्याकडे आल्या. आम्ही त्या संगणकात उतरवल्या, टेपा आणि डिस्क संघाला दिली आणि सोबत एक यादी: चांगला भाग हिरवा, खराब भाग लाल. जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग सबंध लाल होता. पुढे शेरा, 'धूसर'. संघातल्या कोणीतरी तो आबांना वाचून दाखवला आणि आबांनी जळगावची एसटी धरली.

यादी माणूस करत नव्हता. माझा प्रोग्रॅम तीन गोष्टी मोजायचा. शेजारशेजारच्या ठिपक्यांत उजेडाचा फरक किती: कडा ठसठशीत तर आकडा मोठा, चित्र धूसर तर लहान. चौकटीचा सरासरी उजेड किती. आणि एका चित्रापासून पुढच्यापर्यंत सगळी चौकट किती सरकली. आकडा कुठे घसरला की लाल, ती रेघ आमच्या मालकांनी आखली होती, पहिल्यांदा हाती आलेल्या केळीच्या बागांवरून. केळीत काय, फाटकं पान न् पान कडांनी भरलेलं. मी म्हटलं होतं, "भाऊ, सगळंच काही केळी नसतं." भाऊ म्हणाले, "तू काम कर."

"तुना कॉम्प्युटरले कापूस माहीत शे का?" आबा खुर्चीत बसले, पण आवाज उभाच.

मी तो भाग लावला. पांढरा डोंगर, वर पांढरं आभाळ. कॅमेरा जागचा हलत नाही. कडा आणायच्या कुठून? सातपुडा जरी पिठात बुडवून उभा केला, तरी प्रोग्रॅम त्याला धूसरच म्हणेल.

"एवढा वेळ नुसता ढीग कशाला धरला, आबा?"

"थांब. आते येई, देख."

ढिगाच्या पायथ्याशी डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई डावीकडून आली, कॅमेऱ्याकडे बघून पदर तोंडाला लावला आणि उजवीकडे गेली. तिच्या लुगड्याचे काठ मोजता येतील इतके स्वच्छ.

"ती मनी बाई शे," आबा म्हणाले. आवाज प्रथमच खोलीत मावला. त्यांची बायको, अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्नाचा एक फोटो होता. चालतानाची ती एवढीच. संघाला वाटलं, आबा कापूस टिपतायत. आबा तिची वाट बघत होते.

मग मी चौकटीचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा काढला. वरचे चौकोन, निव्वळ कापूस, मेल्यासारखे पडून. खालच्या ओळीत अक्का शिरली की आकडा उसळायचा आणि चौकोनामागून चौकोन तिच्याबरोबर चालायचा. धूसर चित्रात असं होत नाही. मी तो भाग हिरवा केला. पुढचा एक तुकडा लालच ठेवला, तिथे सगळी चौकट उडत होती.

"ते हललं," आबांनी कबूल केलं. "बैलानं कॅमेऱ्याले शिंग मारं. बैलाचं नाव लिख."

तेवढं हसलो. मग मी मालकांना म्हटलं, अक्काचा तुकडा आबांना पेन ड्राइव्हवर देऊ. मालक म्हणाले, "माल संघाचा आहे. डिस्क धुळ्यात आहे, आबांनी तिथून रीतसर घ्यावा." सुधारलेली यादी मी तिथल्या तिथे संघाला मेल केली. संध्याकाळी मालकांनी आमच्याकडची प्रत पुसली. लग्नाच्या ऑर्डरला जागा हवी होती.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर मीही धुळ्याला गेलो. संघाच्या क्लार्कने डिस्क जोडली. केळी होत्या, सभा होत्या, हारतुरे तर ट्रकभर. कापूस नव्हता.

"लाल होतं ते पहिली यादी आली तेव्हाच काढलं," तो म्हणाला. "त्या जागेवर ड्रोनचं शूटिंग टाकलं."

"आणि टेपा?" मी विचारलं.

"उतरवून झाल्या ना? भंगारात दिल्या."

आबा ओरडतील म्हणून मी खिडकीच्या काचेकडे बघत राहिलो. काच हलली नाही. मीच मग सुधारलेली यादी त्याच्यापुढे धरली, बोट ठेवून दाखवलं, की हा भाग धूसर नव्हताच, चूक मोजणाऱ्यांची होती.

त्याने यादी नीट वाचली.

"बरं," तो म्हणाला. "आमच्या यादीत हिरवं करून ठेवतो."