धावजी नायकाने पुरलेलं पीठ

बोरी अरबपासून कोसभर अंतरावर धावजीचा बंजारा तांडा होता. धावजी तिथला नायक. भांडण, सोयरीक, दंड, सगळं शेवटी त्याच्या तोंडून ठरायचं. माणूस किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा. मी मराठी घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. वयात पुष्कळ अंतर होतं, तरी आमची दोस्ती होती. तो माणूस काय आहे ते मला पासष्ट सालच्या मार्गशीर्षात कळलं.

मानीबाईच्या लेकीचं, जमनीचं लग्न होतं. मानीबाई विधवा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, तरी तिने जपून ठेवलेला गहू काढला. तिचा दीर बाबूसिंग तो दारव्ह्याहून दळून घेऊन आला. वरात ढाणकीकडून निघाली होती. संध्याकाळी पोचणार होती.

येताना बाबूसिंगाने गावातल्या किसनरावांसाठी कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा आणला. दुसऱ्या कोणी तो गाडीखाली टांगला असता. पण या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. उतारात काही हलू नये असं ओझं रचायचं, हा त्यांचा अभिमान. बाबूसिंगाने डबा पिठाच्या पोत्यांमध्ये दाबून घट्ट बसवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी किसनराव डबा न्यायला आले. उचलताच थांबले.

"झाकण ढिलं हाये, बाबूसिंग. अन् डबा हलका लागून राह्यला."

एका पोत्याला ओला डाग होता. पण नदीच्या उतारात गाडीवर पाणीही उडालं होतं. वास येत होता, पण गाडीत रॉकेलही आलं होतं. बाबूसिंगाचं डोकं दुखत होतं, त्याला एकदा उलटी झाली होती. पण बाजारातून निघताना तो प्यायलाही होता. डबा दुकानातूनच कमी भरून आला असेल, असंही किसनराव म्हणाले. पोती उतरवताना कोणतं पोतं डब्याला लागून होतं, ते आता बाबूसिंगालाही सांगता येईना.

धावजीने पहिलं काम केलं ते बाबूसिंगाला किसनरावांच्या हलक्या बैलगाडीत, दमणीत घालून दवाखान्यात पाठवायचं.

"दारू हाये, नायक. उतरंल," कोणी तरी म्हणालं.

"उतरली तं परत येईन. जा."

पीठ मळायला बसलेल्या बायांना त्याने उठवलं. कोपरापर्यंत हात साबणाने धुवायला लावले. मग लिंबाखाली सगळे बसले.

तोवर हिरासिंगाने एक युक्ती केली होती. हिरासिंग तांड्याचा कारभारी, नायकाचा उजवा हात. त्याने त्या पिठाची भाकर भाजून कुत्र्याला घातली होती. दुपारी कुत्रं शेपटी हलवत आलं.

"पाहा," हिरासिंग म्हणाला. "अजून मांगून राह्यलं. आता कायची वाट पाहता?"

लोक हसले. मलाही वाटलं, सुटलो.

"कोणत्या पोत्यातलं पीठ घेतलं?" धावजीने विचारलं.

"वरच्या."

"पोत्यात कुठलं?"

"तोंडाजवळचं. ओंजळभर."

"औषध सांडलं असंल तं एका कोपऱ्यात जिरलं असंल. वरणातलं मीठ नाही ते, सगळ्याले सारखं लागाले. कुत्रं मेलं असतं तं काही कळलं असतं. जगलं, तं त्याच्या भाकरीपुरतं कळलं."

"मंग तांड्यातले सारेच कुत्रे जेवाले बसवू का?"

"बसव. अन् राह्यलेली भाकर लेकराच्या ताटात पडंल."

आता कोणी हसलं नाही. उत्तमसिंग नावाच्या एकाने सुचवलं, पीठ बाजारात विकून टाकू, दुसरं घेऊ. धावजीने त्याच्याकडे पाहिलं.

"आपल्या ताटात नाही चालत, ते घेणाऱ्याच्या ताटात कसं चालते?"

मग तो सगळ्यांकडे वळला. बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता.

"विष हाये का नाही, मले माहीत नाही. बहुतेक नसंल. पण दोन्हीकडून चुकून पाहू. पीठ चांगलं असंल अन् आपण पुरलं, तं लाज जाईन, सोयरे बोलतील. त्याले उद्या काही करता येते. पीठ वाईट असंल अन् वाढलं, तं उद्या कोणाले काय करता येईन?"

मानीबाई बायांमधून उठली. बोलायला उठेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"लाज तुमची जाईन, नायक. सोयरीक माझ्या लेकीची मोडंल. तुमच्या घरचं पीठ असतं तं येवढ्या लवकर पुरलं असतं?"

तो चिडेल असं मला वाटलं.

"बरोबर बोलली बाई," तो म्हणाला. "ठरवतो मी अन् भोगते तू. असं नाही चालणार. जेवणारे सारे वाचतात, तं नुकसान साऱ्याचं. ज्वारी घराघरातून निघंल. पयलं पेव माझं."

त्याच्या जमिनीखालच्या पेवात वर्षाची ज्वारी होती. त्याने स्वतः माती काढली. मग बाकीचे उठले. गूळ आणि तूर दुसऱ्या गाडीने आली होती. ती त्याने ठेवू दिली. घाबरून सगळंच टाकणाऱ्यांतला तो नव्हता. पिठाची पोती, मळलेला गोळा, सगळं विहिरीपासून दूर, पडीक जमिनीत खोल खड्ड्यात गेलं. गुरांनाही दिलं नाही. बाबूसिंगावर दंड बसवा, असं दोघं-तिघं म्हणाले. "गुन्हा झाला का, तेच माहीत नाही," धावजी म्हणाला, आणि तो विषय संपला.

दुपारभर तांड्यातली सगळी दगडी जाती एकदम फिरत होती. जमीन घुमत होती. मी तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. त्यातच बाबूसिंग परत आला, सुकलेल्या तोंडाचा, पण धड. विष की दारू, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं.

वरात आली तेव्हा धावजी सामोरा गेला. पाणी द्यायच्या आधी त्याने सगळं सांगितलं. नवऱ्या मुलाची आजी बसंतीबाई वरातीतली जबर बाई. तिने हात कमरेवर ठेवले.

"विष होतं?"

"माहीत नाही."

"मंग पुरलं काहून?"

"माहीत नाही म्हणूनच."

"न सांगता नुसती ज्वारी वाढली असती, तं आमी काय विचारणार होतो? दुष्काळच हाये."

"उद्या दुसऱ्याकडून कळलं असतं. मंग माझ्या कोणत्या ताटावर भरवसा ठेवला असता तुमी?"

मानीबाई दारात उभी होती. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग धावजीकडे.

"येवढ्या दूर ज्वारी खायाले आलो," ती आपल्या लोकांना म्हणाली. "चला, बसा. भाकर तरी गरम हाये का?"

लग्न लागलं.

पुढे होळीच्या सुमारास किसनराव आले. दुकानातल्या माणसाने कबूल केलं होतं: डबा उघडून थोडं औषध आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं. झाकण तेव्हाच ढिलं राहिलं. म्हणजे पीठ बहुधा चांगलंच होतं. ऐकून मलाच वाईट वाटलं. धावजी उठला. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत त्याला मानीबाईला सांगायचं होतं. मी मागोमाग गेलो.

ती सुपात ज्वारी पाखडत होती. त्याने काही न लपवता सांगितलं.

"तवा हे कळलं असतं तं?" तिने विचारलं.

"तं वाढलं असतं. पीठ गेल्याचं मले वाईट वाटते, बाई."

"अन् उद्या तसंच झालं, काहीच माहीत नसलं तं?"

"पुरीन."

तो हे इतकं साधं बोलला की मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. एवढं वाईट वाटूनही त्याचं उत्तर हललं नव्हतं, आणि उत्तर हललं नव्हतं म्हणून वाईट वाटणंही त्याने लपवलं नव्हतं.

मानीबाईने सूप खाली ठेवलं.

"जमनी सासरहून आली हाये," ती म्हणाली. "आत हाये. भेटून जा."