सरांपुढे आलेली शमा

मी ज्यांचं सगळ्यात जास्त देणं लागतो ते माझे हिंदीचे सर. देऊळगाव राजातल्या आमच्या शाळेत ते हिंदी शिकवत, घरी उर्दू बोलत आणि गावात मराठी. माझे आईवडील वांगी-मिरची लावणारे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर सरच मला एस.टी.नं जालन्याला घेऊन गेले आणि प्रवेश होईपर्यंत कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिले. आज मी मराठी शिकवतो तो त्या दिवसामुळे.

शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर बसून मी उर्दू लिपी शिकलो. सर एखादा शेर सांगत, पण अर्थ लगेच सांगत नसत. "आधी सांग, यातले लोक कुठं बसले आहेत?" असं विचारत. बागेत, मयखान्यात दारू पीत, की मैफलीत. जागा कळली की शब्द आपोआप कळतात, असं त्यांचं म्हणणं. बागेत बुलबुल आला की शिकारी आणि पिंजरा जवळपास असणारच. मैफलीत शमा आली की पतंगा असणार आणि रात्र सरत चाललेली असणार.

सर स्वतः गझल लिहीत, पण छापायला देत नसत. त्यांना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा आमच्या वाचनालयाच्या मंडळानं अमृतमहोत्सव करायचं ठरवलं. तेव्हा चैत्र होता; कार्यक्रम दिवाळीनंतर, मोठ्या मैदानात, पाहुणे बोलावून. मी निमंत्रण घेऊन गेलो. सर बाजेवर टेकून बसले होते. पाय सुजलेले दिसले. विचारलं तर म्हणाले, "उन्हाळा आहे बेटा." मग एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. "मंडळाला हेच माझं उत्तर."

शम्अ आई जो मेरे आगे आज
सुब्ह नज़दीक है, ये जान गया

बैठकीत मी त्या वाचून दाखवल्या. अध्यक्ष निवृत्त तलाठी, मनानं फार चांगला माणूस. त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे दिवा पुढं आला आणि पहाट झाली. वा. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळू सरांना."

"पत्रिकेवर उगवता सूर्य टाकू," चिटणीस म्हणाले. "खाली हा शेर."

"अन् सर होकार देतेत, हे महत्त्वाचं. नाही तर ते कुठं ऐकतात कोणाचं?" अध्यक्षांनी पुस्ती जोडली.

सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण का ते लगेच सांगताही येईना. त्यांचं चुकत होतं असंही म्हणवत नव्हतं. आपल्याकडे माणसापुढं दिवा आणला की ते औक्षण असतं. पहाट म्हटली की भूपाळी, सडा, रांगोळी. मराठी कानाला त्या दोन ओळी आशीर्वादासारख्याच ऐकू येणार. मीही घरी जाऊन त्यांचं भाषांतर करून पाहिलं, तर ते वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखं झालं. मग ओट्यावरचा प्रश्न आठवला. यातले लोक कुठं बसले आहेत?

ते मुशायऱ्यात, कवींच्या मैफलीत, बसले आहेत. जुन्या मुशायऱ्याची रीत अशी की, ज्याची वाचायची पाळी त्याच्यापुढं शमा सरकवली जाई. सुरुवात नवशिक्यापासून. मग जाणते, मग त्याहून जाणते. सगळ्यात शेवटी उस्ताद. म्हणजे शमा पुढं येणं हा मान खराच, आणि शेवटी येणं हा सगळ्यात मोठा मान. पण तोवर रात्र संपलेली असते. उस्तादानंतर वाचणारा कोणी नसतो, मैफल उठते. आणि शमेला पहाट म्हणजे उजेड नव्हे. उजाडलं की तिला विझवतात. रात्रभर जळणं आणि सकाळी विझणं, गझलेत तिचं आयुष्य एवढंच. सरांनी सत्कार मान्य केला होता, आणि त्याच वाक्यात सांगितलं होतं की वेळ फार उरलेली नाही.

मी परत त्यांच्याकडे गेलो. त्यांची मुलगी जालन्याहून आलेली होती. तिनं मला दारातच हळू आवाजात सांगितलं, "किडनीचं आहे. अब्बांनी कोणाला सांगू नका म्हटलंय."

आत सरांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं बसलेत रे लोक?"

"मुशायऱ्यात, सर."

"हं. अन् शमा?"

"शेवटच्या माणसापुढं."

"मग झालं तर." त्यांनी सुजलेले पाय बाजेवर उचलून घेतले. "मंडळाला काय कळलं?"

"ते पंचाहत्तर दिवे लावणार आहेत."

सर हसले, खोकला येईपर्यंत हसले. "तलाठी शेवटपर्यंत तलाठीच. मोजल्याशिवाय बोलत नाही."

मी अध्यक्षांना आजाराचं सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हतं. फक्त शेर समजावला. शमा कशी फिरते, शेवटी कोणापुढं येते, पहाटेला तिचं काय होतं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "दिवाळी लई लांब आहे मग. येत्या रविवारीच करू. त्यांच्याच अंगणात."

चिटणीस म्हणाले, "अन् पत्रिका?"

"कायच्या पत्रिका? फोन करा न बे सगळ्याइले."

रविवारी संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर अंगणात सतरंज्या टाकल्या. दिवे मालवून एकच मेणबत्ती पितळी तबकात लावली. सरांची मुलगी ती फिरवत होती. आधी अकरावीतल्या एका मुलीपुढं ठेवली, तिनं कागदात बघून वाचलं. मग बसस्टँडजवळच्या शिंपीदादांपुढं. मग माझ्यापुढं. मी काय वाचलं ते सांगण्यासारखं नाही. माझ्यानंतर तबक सरांपुढं आलं.

त्यांनी त्याच दोन ओळी वाचल्या. यावेळी अंगणातल्या प्रत्येकाला त्या कळल्या होत्या, म्हणून कोणाच्या तोंडून वाह निघेना. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"वाह तर म्हणा, बे. मेहनतीनं लिहिलंय."

तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मुकर्रर." सरांनी पुन्हा वाचलं.

मग रीतीप्रमाणे शमा विझवायची होती. मुलगी फुंकणार तेवढ्यात माझी आई मागच्या सतरंजीवरून उठली. "फुंकू नको माय. दिव्याले फुंकत नाहीत, शांत करतेत." तिनं बोटं ओली केली आणि वात हलकेच चिमटीत धरली. अंधारात सरांचा आवाज आला, "हे मला माहीत नव्हतं, वहिनी."

पुढच्या आठवड्यात त्यांना जालन्याला लेकीकडे नेलं. अशक्तपणामुळे त्यांचं स्वतः वाचणं बंद झालं होतं, तरी मी पत्रच पाठवलं. तिनं ते त्यांना वाचून दाखवलं.

"आदरणीय सर,
सादर प्रणाम.
तुमच्या शेराचं मराठी केलं आहे. ऐका.

दिवा फिरत फिरत आज माझ्यापुढं आला;
मी ओळखलं, मैफल आता उठणार.

पहाट हा शब्द मी गाळला. तो ठेवला असता तर आमच्या लोकांनी पुन्हा सडा-रांगोळी काढली असती. तुमचा शब्द गेला, पण माणसं बसली आहेत ती जागा राहिली, असं मला वाटतं. तुम्हाला पटलं नाही तर ताईंना सांगा, मी पुन्हा करीन.

जालन्याच्या त्या व्हरांड्यात तुम्ही माझ्यासाठी बसून होतात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोललो नाही. आता लिहितो: माझ्यापुढं पहिल्यांदा शमा तुम्ही ठेवलीत.

आई विचारते, पायाची सूज कशी आहे. मी रविवारी येतो.

तुमचा विद्यार्थी"